मे महिन्याचं भाडं आणि मोठी खोली

«माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा संपली की मुलं गावी जातात, तरी तुम्ही मेअखेरपर्यंतचं भाडं घेता. एकाच फ्लॅटमध्ये मोठ्या खोलीला जास्त, लहान खोलीला कमी, म्हणजे मित्रा-मित्रांत वाद. वर मधेच खोली सोडायची नाही. हे नियम फक्त मालकाच्या सोयीचे आहेत.»

नमस्कार दादा. आधी मे महिन्याचं सांगते, कारण तुमची मुख्य तक्रार तीच दिसते.

मुलगा गावी जातो, पण त्याची गादी, पुस्तकं, कुलूप लावलेलं कपाट खोलीतच असतं. ती जागा मला दुसऱ्या कुणाला देता येत नाही. कर्वेनगरमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट एखाद्या कुटुंबाला दिला, तर महिना २८,००० मिळतील, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. मुलांशी करार १ जुलै ते ३१ मे असा अकरा महिन्यांचा असतो आणि जून मी रिकामा ठेवते, कारण रंग, गीझर, तुंबलेली मोरी ही कामं मुलं असताना नीट होत नाहीत. तीच रक्कम अकरा महिन्यांत वाटली की महिन्याला साधारण ३०,५४५ पडतात; मी ३०,८०० घेते, चौघांत प्रत्येकी ७,७००. तुम्ही म्हणता तसं मे सोडून दहाच महिने घेतले, तर प्रत्येकी ८,४७० घ्यावे लागतील. वर्षाची बेरीज तीच राहते आणि मुलांच्या हातात सेमिस्टर चालू असताना, मेस आणि परीक्षा फीच्या वेळी, पैसे कमी उरतात. म्हणून मी अकरा महिन्यांवर ठाम आहे. परीक्षा लांबून जूनमध्ये गेली, तर शेवटच्या पेपरपर्यंत राहता येतं. त्याचे दिवसाला २५० घेते, पूर्ण महिन्याचं भाडं नाही.

आता खोल्यांचं. वाद खरं तर समान भाड्यानेच होतात. एका खोलीला बाल्कनी आणि आतच बाथरूम, दुसरीची खिडकी डक्टमध्ये उघडणारी. दोन्हींना ७,७०० लावले, तर लहान खोलीतले दोघं वर्षभर कुढत राहतात. फरक किती असावा हे मी ठरवत नाही. करारापूर्वी चौघांना फ्लॅटमध्ये बोलावते आणि एकूण ३०,८०० तेवढे पक्के आहेत असं सांगते. सुरुवातीला दोन्ही खोल्या ७,७०० ला. चौघंही मोठी मागतात. मग मोठीत माणशी २५० वाढवते आणि तेवढेच लहानीत कमी करते. मोठी ७,९५०, लहान ७,४५०. अजून तिघं मोठीच मागत असतील, तर पुन्हा २५०. यंदा मोठी ८,२०० आणि लहान ७,२०० झाल्यावर दोघं आपणहून म्हणाले, «आम्ही लहान घेतो.» तिथे थांबले. महिन्याला हजाराचा फरक त्यांनी स्वतः निवडला आहे. तुमच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये मालक हे करत नसेल, तर मुलं आपापसातही करू शकतात. मालकाला एकूण रक्कम पोचल्याशी मतलब.

मधेच सोडण्याबद्दल तुमची काळजी मला पटते, विशेषतः शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी. आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप दुसऱ्या शहरात लागली की जानेवारीपासून इथल्या खोलीचा उपयोग नसतो. म्हणून माझ्या करारात ३१ डिसेंबरला बाहेर पडायची वाट ठेवलेली आहे. ३० नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवायचं, मग डिपॉझिटमधून काहीही कापत नाही. ती तारीख निवडण्याचं कारण म्हणजे सेमिस्टर संपतानाच हॉस्टेल किंवा दुसरा फ्लॅट सोडून जागा शोधणारी मुलं असतात. ऑक्टोबरात किंवा मार्चमध्ये कॉट रिकामी झाली, तर ती भरत नाही, म्हणून त्या वेळी बदली मुलगा आणायचा किंवा दोन महिन्यांच्या डिपॉझिटमधून एक महिना सोडायचा. गेलेल्याचा वाटा उरलेल्या तिघांवर मात्र कधीच टाकत नाही. हे करारात स्पष्ट लिहिलेलं असतं. चौघांचा एकत्र करार असताना हे वाक्य नसलं, तर पहिला तगादा उरलेल्या मुलांनाच लागतो.

तुमच्या मुलाचा करार नोंदणी झालेला आहे का, ते मात्र आजच विचारा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं बरेच मालक आणि एजंट सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क हजार रुपये, शिवाय एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि डिपॉझिटच्या व्याजापोटी थोडी भर. आमच्या फ्लॅटचं मुद्रांक शुल्क नऊशेच्या आत येतं. कराराची प्रत मुलाकडे नसेल, तर मालकाकडून मागून घ्या आणि त्यात बाहेर पडायची तारीख कोणती लिहिली आहे ते बघा.