प्रेसचं जॅकेट आणि जिनिव्हा करार

"युद्धात 'प्रेस' लिहिलेलं जॅकेट म्हणजे रेड क्रॉसच्या चिन्हासारखंच, त्यावर गोळी झाडता येत नाही. पण पत्रकार सैन्याच्या गाडीत बसला किंवा शत्रूचा प्रचार करायला लागला, की तो सैनिकच. त्याला मारलं तर गुन्हा होत नाही."

परभणी-नांदेडकडच्या आमच्या पत्रकारांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतोय. मी पत्रकारितेच्या पोरांना शिकवायला जातो. त्यांच्यातल्या काहींनी तो खरा धरलाय, म्हणून हे लिहितोय.

आधी जॅकेट. रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट ही चिन्हं जिनिव्हा करारांनी राखून ठेवलेली आहेत. 'प्रेस' या शब्दाला तसं स्थान नाही. पत्रकारांना वेगळं संरक्षण आणि ठळक खूण द्यावी का, यावर १९७० च्या दशकात चर्चा झाली होती. चिन्हं वाढत गेली तर आहेत त्यांचीच किंमत कमी होईल, ही भीती तेव्हा होती. उठून दिसणाऱ्या खुणेनं पत्रकाराचा आणि त्याच्या आसपासच्या लोकांचा धोका वाढेल, हीसुद्धा होती. शेवटी जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ७९ मध्ये साधी गोष्ट लिहिली गेली: संघर्षाच्या भागात धोक्याचं काम करणारा पत्रकार हा नागरिक समजला जाईल. सोबत ओळखपत्राचा नमुनाही दिला, पण ते ओळखपत्र तो पत्रकार असल्याचा फक्त दाखला आहे. हक्क त्यातून जन्मत नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याचं कार्ड मी परवा हातात घेऊन पाहिलं. लॅमिनेशन कोपऱ्यातून सुटलेलं, संपादकाचा शिक्का फिकट झालेला, मुदत मार्चमध्येच संपलेली. युद्धाच्या जागी हा पोरगा गेला, तर महागडं जॅकेट घातलेला चॅनलचा माणूस जेवढा नागरिक, तेवढाच हाही. जॅकेटचा उपयोग एवढाच, की समोरच्या सैनिकाला ओळख पटते आणि "माहीत नव्हतं" म्हणायला जागा कमी उरते. भारतानं हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही हे खरं. पण पत्रकार नागरिक आहे हा नियम आज रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा, म्हणजे करार न स्वीकारलेल्या देशांनाही बांधणाऱ्या कायद्याचा, भाग मानला जातो, आणि तो देशांतर्गत संघर्षालाही लागू आहे.

आता सैन्याच्या गाडीचं. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. सैन्याच्या परवानगीनं सोबत जाणारा युद्धवार्ताहर दोन देशांच्या युद्धात पकडला गेला, तर १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानं त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. यावरूनच बहुधा 'सैनिकच' हा समज झाला असावा. पण त्याच कलमात तो सैन्याचा सदस्य नाही असंही स्पष्ट आहे. लक्ष्य करण्याच्या बाबतीत तो नागरिकच राहतो.

रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी स्पिन बोल्दाकला मारले गेले. ते अफगाण विशेष दलासोबत होते. समोर तालिबान, म्हणजे हा देशांतर्गत संघर्ष, त्यामुळे युद्धकैद्याच्या दर्जाचा प्रश्नच नव्हता. त्यांचा मृत्यू नेमका कसा झाला यावर वाद आहे, आणि कायद्याचं उत्तर त्यावरच ठरतं. दलावर हल्ला झाला आणि त्यात ते सापडले असतील, तर लष्करी तुकडी हे वैध लक्ष्य होतं. मग नागरिकांची हानी लष्करी लाभाच्या मानानं अवाजवी होती का, एवढंच तपासलं जातं. मात्र जिवंत हाती लागल्यावर त्यांना मारलं असेल, तर जिनिव्हा करारांच्या सामायिक कलम ३ चं ते उघड उल्लंघन आहे, आणि तो युद्धगुन्हा ठरतो. तुकडीसोबत जाणारा धोका अंगावर घेतो, हक्क सोडून देत नाही. आमच्या पोरांनी हा फरक पक्का डोक्यात ठेवावा.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण नावडत्या पत्रकाराला मारायची मुभा त्यातूनच निघते. नागरिकाचं संरक्षण शब्दांनी जात नाही, लढाईत प्रत्यक्ष भाग घेतल्यानं जातं, तेही तो भाग घेत असेल तेवढ्या काळापुरतं. शत्रूच्या सैन्याची बाजू उचलून धरणारा अग्रलेख म्हणजे प्रत्यक्ष भाग नव्हे. पण कुणी तोफखान्याला फोनवरून ठाणं कुठं आहे ते सांगत असेल, तर खिशात कार्ड असूनही तो लक्ष्य होऊ शकतो.

२३ एप्रिल १९९९ ला नाटोनं बेलग्रेडमधल्या सर्बियन सरकारी टीव्हीच्या इमारतीवर बॉम्ब टाकला. १६ कर्मचारी मेले. ते प्रसारण लष्कराच्या संपर्कयंत्रणेचा भाग होतं, असं समर्थन दिलं गेलं. नंतर युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या अभियोक्त्यांनी नेमलेल्या समितीनं तपासणी केली. समितीनं चौकशी पुढे नेण्याची शिफारस केली नाही. पण तिनं हेही नोंदवलं, की फक्त प्रचार थांबवण्यासाठी हल्ला झाला असता, तर त्याच्या कायदेशीरपणावर प्रश्न उभा राहिला असता. रवांडातल्या मिल कॉलिन रेडिओनं तर उघड नरसंहाराला चिथावणी दिली, आणि त्यासाठी जबाबदार माणसांवर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला; म्हणजे तिथंही शब्दांचा हिशेब कोर्टातच झाला.