चिखलदऱ्याच्या गर्दीबद्दल पुतणीनं पाठवलेले बारा प्रश्न

आमची पुतणी अमरावतीला शिकते. पर्यटन हा विषय घेतला आहे आणि महिनाअखेरीस वर्गात सादरीकरण करायचं आहे, 'चिखलदऱ्यातील गर्दी आणि स्थानिकांचं जीवन' यावर. मी इथलाच, म्हणून तिनं व्हॉट्सॲपवर बारा प्रश्न पाठवले आणि खाली लिहिलं, "काका, आजूबाजूच्या वीस-पंचवीस लोकांकडून भरून घ्याल का?"

पहिला प्रश्न होता, 'पर्यटनामुळे तुम्हाला फायदा होतो का? हो / नाही.'

मी शेजारच्या वहिनींना विचारलं. त्या पावसाळ्यात भुट्टे भाजतात. म्हणाल्या, "हो बी लिहा अन् नाही बी लिहा. पाणी भरून येतो, मंग सांगतो."

खरं उत्तर तेच होतं, पण पोरीच्या कागदावर त्याला रकाना नव्हता. त्या रात्री मी तिला फोन केला आणि तासभर बोललो. तेच इथं लिहितो आहे, कारण दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विद्यार्थी असाच कागद घेऊन वर येतो.

तिच्या एका स्लाइडवर डॉक्सी नावाच्या अभ्यासकाची 1975 सालची शिडी होती. पाहुणे यायला लागले की गाव आधी हरखतं, मग त्याला त्याचं काही वाटेनासं होतं, मग चीड येते आणि शेवटी वैर. वर्गात सांगायला सोपी आहे. पण ती शिडी असं धरून चालते की गावाला एकच मन असतं. वहिनींच्याच घरात बघा. थोरला मुलगा जीपवर आहे, तो जूनपासून रविवारची वाट बघतो. सून त्याच रविवारी हंडा डोक्यावर घेऊन गाड्यांच्या फटीतून वाट काढते. एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसं शिडीच्या दोन टोकांना उभी आहेत. त्यामुळे 'घरातल्या कुणाला काय वाटतं' हे वेगवेगळं विचारायला हवं. नुसते बाजारातल्या दुकानदारांचे फॉर्म भरलेस तर उत्तर आधीच ठरलेलं आहे, असं मी तिला म्हटलं.

दुसरी गोष्ट गर्दी या शब्दाचीच. आमच्याकडे दोन वेगळ्या गर्द्या होतात आणि प्रश्नावलीत त्या एकात एक कालवलेल्या होत्या. पावसाळ्यातली गर्दी दिवसाची. सकाळी परतवाड्याहून चढते, भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड करते आणि संध्याकाळी उतरते. तिचा भार रस्त्यावर पडतो. उन्हाळ्यातली गर्दी मुक्कामाची. खाली अमरावती-अकोला भाजून निघतात, तेव्हा माणसं इथं दोन-तीन रात्री राहतात. रस्ता मोकळाच असतो, पण नेमकं तेव्हाच पाणी आटलेलं असतं. पावसाळ्यात इतकं कोसळतं की कपडे वाळत नाहीत, आणि मे महिन्यात आसपासच्या गावांना टँकर लागतो. डोंगरउतारावरचं पाणी थांबतच नाही. म्हणून रस्त्याचा प्रश्न ऑगस्टमध्ये विचारायचा आणि पाण्याचा मे महिन्यात. ऑगस्टमध्ये पाण्याबद्दल विचारशील तर लोक हसतील.

आता तिचा लाडका प्रश्न, 'चिखलदऱ्याची वहनक्षमता किती?' म्हणजे गाव किती पाहुणे पेलू शकतं. तिला एक आकडा हवा होता. मी म्हटलं, माणसं नको मोजू, गाड्या आणि तास मोज. मग फोनवरच हिशेब केला. आकडे समजुतीसाठी घेतलेले, कुणी खरे मानू नका.

समजा एका रविवारी सकाळी दहा ते एक या तीन तासांत 720 गाड्या चढल्या, म्हणजे तासाला 240. त्यातल्या निम्म्या दोन नावाजलेल्या पॉइंटांवर न जाता इतरत्र पांगल्या, तर त्या दोघांच्या वाट्याला तासाला प्रत्येकी 60 येतात. एका पॉइंटवर 80 गाड्यांची जागा, ती दहालाच भरलेली, आणि गाडी सरासरी दीड तास थांबते, तर तासाला 53 गाड्यांची जागा रिकामी होते. साठ येतात, त्रेपन्न जातात. थोडी कुरकुर, पण चालतं. आता सगळ्याच गाड्या त्या दोन ठिकाणी गेल्या तर? प्रत्येकी 120 येतात, निघतात 53. तासाला 67 जास्त, तीन तासांत दोनशे. एका गाडीला सहा मीटर धरले तर बाराशे मीटरची रांग, तीही डोंगराच्या कडेच्या रस्त्यावर. गाड्या तेवढ्याच. फरक पडला तो त्या गेल्या कुठं, याचा.

ती लगेच म्हणाली, "मग थांबायचा वेळ कमी करायचा. दीडचा एक तास." बरोबर. मग तासाला 80 निघतील आणि रांग सातशे मीटरवर येईल. पण जो तासभरच थांबतो तो भुट्टा घेत नाही, रबडी खात नाही, सेल्फी काढून पुढे जातो. रांग कापली की गल्लाही कापला जातो. कमाई आणि जगणं यांचा तोल म्हणतात तो हा, आणि सादरीकरण इथूनच सुरू व्हायला हवं.

गल्ल्याबद्दल विचारायचं तर 'उत्पन्न वाढलं का' असं विचारू नये. गेल्या रविवारी किती विक्री झाली आणि त्यातले किती घरात राहिले, हे विचारावं. वहिनींनी बोटांवर सांगितलं: विक्री दोन हजाराची, मका सातशेचा, कोळसा आणि ने-आण चारशे. हातात नऊशे. हंगामात तेरा रविवार, त्यातले चार पावसानं धुऊन नेले. उरले नऊ. म्हणजे हंगामाचे आठ हजार शंभर. हॉटेलवाल्याला तर आणखी खोदून विचारावं लागेल: किराणा कुठून येतो, चादरी कुठं धुतात, कामाला माणसं कुठली, मालक कुठं राहतो. त्यातली किती उत्तरं 'परतवाडा' किंवा 'अमरावती' अशी येतात ते मोज.

शेवटच्या स्लाइडवर उपाय म्हणून 'माथेरान पॅटर्न' आणि 'उटीसारखा ई-पास' होता. उटी-कोडाईकनालला मे 2024 पासून न्यायालयाच्या आदेशानं ई-पास आहे, नंतर गाड्यांची दिवसाची मर्यादाही आली. माथेरानला गाड्या दस्तुरीलाच थांबतात. पण चिखलदरा नुसतं हवा खायचं ठिकाण नाही, तालुक्याचं गाव आहे. मेळघाटातल्या आडगावांतून कोरकू माणसं दाखल्यासाठी, रेशनच्या कामासाठी, दवाखान्यासाठी इथंच येतात. नाक्यावर पास मागायला लागलात, तर फोन नसलेल्या त्या म्हाताऱ्यानं काय दाखवायचं? सूट त्याला द्यायची की नाही हा पुढचा प्रश्न. तो स्थानिक आहे हे ओळखायचं कसं, हा आधीचा. गर्दीच्या दिवसांत धामणगाव गढीकडून चढायचं आणि घटांगकडून उतरायचं अशी एकेरी वाहतूक करतात, तेव्हाही मधल्या गावातल्या माणसाला दूध घेऊन किती फेरा पडतो, ते त्यालाच विचारावं लागतं.

आणखी एक प्रश्न मी माझ्याकडून घातला: 'गेल्या वर्षभरात गर्दीमुळे तुमचं कोणतं काम अडलं? वार आणि वेळ सांगा.' माझं उत्तर आधीच तयार आहे. गेल्या श्रावणातल्या एका रविवारी दुपारी बारा वाजता आईला दम लागला होता. खाली न्यायचं होतं. वळणावर आमची गाडी पन्नास मिनिटं उभी राहिली. पुढच्या गाडीतली पोरं टपावर बसून गाणी म्हणत होती. चांगली पोरं होती. त्यांना सांगितल्यावर त्यांनीच उतरून वाट करून दिली.

बारा प्रश्नांचे आता सहाच उरलेत. पुतणी येत्या रविवारी येते आहे. सकाळी नऊ ते दोन नाक्याजवळ बसून दर पंधरा मिनिटांनी गाड्या मोजणार आहे, दुपारी वहिनींकडे. पहिल्या एसटीनं ये म्हटलं आहे, नाहीतर तीच रांगेत अडकायची.