नसबंदीला दोष देण्याआधी साखर तपासा

पुरुष नसबंदीचा विषय निघाला की आमच्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ऑपरेशन केल्यार दादल्याची शक्त वता," म्हणजे ऑपरेशन केलं की पुरुषाची ताकद जाते. गोव्यात डिचोलीला औषधांच्या दुकानात उभं राहून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय. मी स्वतः नसबंदी करून घेतलेली आहे. त्यामुळे आज आडपडदा न ठेवता लिहितो. घरातली मोठी मुलं वाचत असतील तर वाचू द्या, त्यांनाही हे कळायला हवं.

ही भीती कुठून आली ते मी समजू शकतो. गावात वाढलेल्यांनी बैल खच्ची करताना पाहिलेला असतो. त्यात चिमट्याने कातडीवरूनच वृषणाकडे जाणारी दोरी चेपतात. त्या दोरीत रक्तवाहिन्या असतात. रक्त थांबलं की वृषण सुकतं, हार्मोन बनायचं बंद होतं आणि बैल थंड पडतो. माणसाच्या नसबंदीत असं काही करत नाहीत. त्याच दोरीतली फक्त एक नळी, शुक्रवाहिनी, बारीक छिद्रातून बाहेर घेऊन तिचा छोटा तुकडा कापतात आणि टोकं बंद करतात. रक्तवाहिन्यांना हात लावत नाहीत. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन त्या नळीतून जातच नाही, ते वृषणातून थेट रक्तात मिसळतं. इच्छा त्याच्यावर चालते, म्हणून ती होती तशीच राहते. ताठरतेचं काम शिस्नातल्या नसा आणि रक्तपुरवठा करतात. त्या नसा ओटीपोटातून, प्रोस्टेट ग्रंथीच्या बाजूने येतात. नसबंदीचा चिमटा तिथपर्यंत पोचतच नाही.

आता वीर्याचं. नसबंदीनंतर वीर्य येत नाही, असं पुष्कळांना वाटतं. वीर्यातला मोठा वाटा वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा असतो आणि त्या कापलेल्या जागेच्या पुढे असतात. वृषणाकडून येणारा भाग शंभरात दोन ते पाच इतकाच. तेवढा कमी झाला तर डोळ्यांना कळत नाही, बायकोलाही कळत नाही. शुक्राणू बनत राहतात आणि शरीर ते शोषून घेतं, साठून फुगत नाहीत.

मग नसबंदी झालेल्या एखाद्याचं वीर्य खरंच आटतं, ताठरता खरंच जाते, त्याचं काय? माझ्या ओळखीतली एक हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. सत्तरी तालुक्यातला टेम्पो चालवणारा माणूस, वय सत्तेचाळीस, नसबंदी होऊन सहा वर्षं झालेली. पहिली चार-पाच वर्षं काही तक्रार नव्हती. पुढे हळूहळू ताठरता अर्ध्यावर सुटायला लागली, सकाळची ताठरताही गेली. नंतर वीर्यही जवळजवळ येईना. तृप्तीची लाट यायची, पण बाहेर काहीच नाही. घरात वहिनी स्वतःला दोष देत होत्या, "त्यापेक्षा मीच ऑपरेशन करून घ्यायला हवं होतं." तो माझ्याकडे ताकदीच्या गोळ्या मागायला आला.

मी त्याला विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठतोस? तीन-चार वेळा, म्हणाला. पायांना मुंग्या? येतात. शेवटची साखर कधी तपासली? त्याचं उत्तर होतं, "ऑपरेशनच्या वेळी लघवी तपासली होती, साखर नव्हती." खरंच नसणार. पण ती सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. उपाशीपोटी साखर निघाली 212 आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए1सी 9.4. एचबीए1सी 6.5 किंवा त्याहून जास्त आलं की मधुमेह धरतात.

जास्त साखरेने बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. शिस्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद, म्हणून बिघाड आधी तिथे दिसतो. वीर्य पुढे ढकलताना मूत्राशयाचं तोंड बंद व्हावं लागतं. ते बंद करणाऱ्या नसा कमजोर झाल्या की वीर्य उलटं मूत्राशयात जातं आणि नंतरच्या लघवीतून पडतं. संभोगानंतरची पहिली लघवी गढूळ दिसते का, एवढं पाहिलं तरी अंदाज येतो. याची दिसत होती. डॉक्टरांनी ती लघवी तपासायला पाठवली आणि निदान पक्कं झालं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनाही असं होऊ शकतं, तेव्हा चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा.

साखर सात-आठ महिन्यांत आटोक्यात आली, विडी सुटली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीबरोबर ताठरता बरीच सुधारली. वीर्य मात्र पूर्ववत झालं नाही, कारण खराब झालेली नस सगळी भरून येत नाही. त्यांना आता मूल नको आहे, त्यामुळे त्याचा त्रासही नाही. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

ही एकाची गोष्ट म्हणून सोडू नका. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के. नसबंदी करतात ते बहुतेक तिशी-चाळिशीत, आणि साखर, रक्तदाब डोकं वर काढतात तेही त्याच्याच पुढच्या वर्षांत. दोष मात्र ऑपरेशनला लागतो. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण खरा आजार आत वाढत राहतो.

ओळखायचं कसं? ऑपरेशननंतर लगेच अडखळायला लागलं, पण सकाळी किंवा एकटं असताना ताठरता नीट येते, तर बहुधा ती मनातली धास्ती असते. डॉक्टरांशी मोकळं बोललं, बायकोने समजून घेतलं की बहुतेकांची जाते. काही वर्षांनी हळूहळू सगळीकडेच कमी झालं, सकाळचंसुद्धा, तर साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी तपासा. इच्छाच मेली असेल तर टेस्टोस्टेरॉनही, पण रक्त सकाळी द्या, दुपारी आकडा खाली येतो.

नसबंदीचे खरे त्रासही आहेत, ते लपवणार नाही. पहिले काही दिवस सूज आणि ठणका असतो, सुरुवातीच्या वीर्यात थोडं रक्त दिसू शकतं. साधारण आठवडाभर संबंध टाळायचा. कापल्या जागी वाटाण्याएवढी गाठ राहू शकते. शंभरात एक-दोघांना वृषणात महिनोन्‌महिने दुखतं, कधी वीर्यपतनानंतर जास्त. त्या दुखण्याने संबंध नकोसा होतो, आणि तिथे दोष खरोखर ऑपरेशनचा असतो. अशा माणसाला "मनाचे खेळ आहेत" म्हणून परत पाठवू नये, युरॉलॉजिस्टकडे पाठवावं. आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून शुक्राणू शून्य असल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोध वापरायचाच, कारण कापल्या जागेच्या पुढे जुने शुक्राणू उरलेले असतात.

शेवटी दुकानदार म्हणून एक. मित्राकडून घेतलेली ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी परस्पर खाऊ नका. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती खाल्ली तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. कोणाला दुकानात सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटत असेल, तर दुपारी दीड-दोनच्या सुमाराला या, तेव्हा गर्दी नसते.