कोटेशनवाल्या पोस्टवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया अशी होती: "ताई, पोस्ट वाचली, पण हे सगळं कागदावरच छान. मी पेंटिंगची कामं घेतो. तुमच्यासारखं दोन पानी पत्र पाठवलं की गिऱ्हाईक म्हणतं, अजून काम सुरू नाही आणि तुम्ही वकिलासारखं काय बोलताय. समोरचा एका ओळीत रेट टाकतो आणि काम घेऊन जातो. कर, मुदत, पेमेंट हे नंतर बोलून ठरतं. अटी घालणं म्हणजे गिऱ्हाइकावर अविश्वास दाखवणं."

दादा, पहिल्यांदा हे सांगते की दोन पानांबद्दल तुमचं बरोबर आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी आणि शर्ती छापलेलं पत्र मला पण आवडत नाही, ते कोणी वाचत नाही आणि वाचलंच तर बिचकतं. पण माझं म्हणणं पानांबद्दल नव्हतंच. कामाची व्याप्ती, कर, दराची मुदत आणि पेमेंट या चार गोष्टी कोटेशनच्या पत्रात समोरच, आकड्याच्या शेजारी हव्यात, मग पत्र मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावलं तरी चालेल. आणि "नंतर बोलून ठरतं" यावर मात्र माझं अजिबात पटत नाही, कारण नंतर ठरतं तेव्हा तुमची माणसं साईटवर असतात, रंगाचे डबे उघडलेले असतात, आणि नाही म्हणायची सोय फक्त समोरच्याला उरलेली असते.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ. समजा एका ऑफिसच्या भिंती आहेत. माप घेतलं तर 540 चौरस मीटर, दारं-खिडक्यांचे 40 वजा केले की राहिले 500. दर 200 धरला तर झाले 1,00,000. (चलन कुठलंही समजा, हिशोब तोच राहतो.) आता तुम्ही मेसेज टाकला, "ऑफिस पेंटिंग 1,00,000". तुमच्या डोक्यात एक काम आहे आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात दुसरं, आणि दोघंही प्रामाणिक आहेत. तुम्ही धरलंय की प्रायमर आणि रंगाचे दोन हात, फक्त भिंती. त्यांनी धरलंय की सिलिंग पण, भेगा भरून पुट्टी पण, आणि टेबलं-कपाटं हलवायची तर तुमचीच माणसं हलवणार ना, अजून कोण.

म्हणून कामाची व्याप्ती लिहिताना काय करणार ते चार ओळीत आणि काय करणार नाही ते दोन ओळीत लिहायचंच. ही दुसरी यादी लोक टाळतात, वाटतं की नकारघंटा वाजतेय, पण भांडणं सगळी तिथूनच येतात. तुमच्या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ओल. भिंतीत बाहेरून पाणी मुरत असेल तर वरून कितीही चांगला रंग द्या, काही महिन्यात पोपडे येणार, आणि तेव्हा गिऱ्हाईक पाईपवाल्याला नाही, तुम्हाला फोन करणार. तर सरळ लिहा: "गळती आणि ओलीची दुरुस्ती यात नाही. ओल दिसली तर फोटो पाठवू, दुरुस्ती होऊन भिंत सुकल्यावरच तिथे रंग देऊ." तसंच गडद भिंतीवर फिकट रंग हवा असेल तर दोन हातात झाकलं जाईलच असं नाही, तिसरा हात लागला तर त्याचा दर आधीच लिहून टाका. आणि काम लमसम आहे की मापावर, हे एका शब्दात. मापावर असेल तर दारं-खिडक्या वजा होणार की नाही ते पण, कारण वरच्या उदाहरणात तेवढ्यावरच 8,000 चा फरक पडतो.

आता कर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण एका ओळीच्या कोटेशनमधे सगळ्यात महागात पडते ती हीच जागा. समजा कराचा दर 20 टक्के आहे. तुम्ही 1,00,000 लिहिलंत, मनात होतं "कर वेगळा", म्हणजे बिल 1,20,000 चं. गिऱ्हाईक म्हणालं, छे, तुम्ही एक लाख म्हणालात, मी एकच देणार. अशा वेळी बरेच जण पटकन डोक्यात हिशोब करतात की ठीक आहे, 20,000 कराचे गेले, 80,000 राहिले. तो हिशोब चुकीचा आहे. करासहित रकमेतून कर काढायचा तर 1.20 ने भागायचं, 1,00,000 भागिले 1.20 म्हणजे 83,333 तुमचे आणि 16,667 कराचे. आता माल, मजुरी, परांची मिळून तुमचा खर्च 85,000 असेल (खरेदीवरचा जो कर परत मिळतो तो वजा करूनच धरलाय), तर सगळं काम चोख करून, वेळेत पैसे मिळून सुद्धा तुम्ही 1,667 ने खड्ड्यात. पंधरा हजार सुटतील म्हणून घेतलेलं काम होतं हे.

बरं, नुसतं "कर वेगळा" लिहून पण अर्धंच काम होतं. तीन आकडे लिहावेत: मूळ रक्कम 1,00,000, कर 20 टक्क्यांनी 20,000, एकूण देय 1,20,000. ज्याला बजेट मंजूर करून घ्यायचंय त्याला शेवटचाच आकडा लागतो, तो त्याला स्वतः काढायला लावू नका. आणि खाली एक वाक्य, "कराचा दर बदलला तर बिलाच्या तारखेला जो लागू असेल तो लावला जाईल." हे नसेल तर दर वाढल्यावर वाढीव कर कोणी भरायचा यावर वाद होतो, आणि दर कमी झाला तर गिऱ्हाइकाला पण हेच वाक्य उपयोगी पडतं, त्यामुळे ते एकतर्फी वाटत नाही. काही ठिकाणी गिऱ्हाईक पैसे देतानाच तुमच्या नावाचा कर कापून सरकारकडे भरतं, तसं असेल तर कापलेल्या रकमेचं सर्टिफिकेट द्यावं एवढं लिहा. खात्यात कमी पैसे आले म्हणून उगाच उधारीच्या वहीत नाव चढायला नको.

मुदतीबद्दल. "किंमत 30 दिवस वैध" असं सगळेच लिहितात, पण 30 दिवस कधीपासून? पत्राच्या तारखेपासून, की मेल उघडला त्या दिवसापासून? त्यापेक्षा सरळ तारीख टाका, "हे दर 30 जूनपर्यंत". आणि त्या तारखेपर्यंत काय व्हायला हवं ते पण: लेखी होकार आणि अॅडव्हान्स, दोन्ही. नाहीतर 29 ला "करू या" असा मेसेज येतो, अॅडव्हान्स येतो ऑगस्टमधे, आणि दर मात्र जूनचाच हवा असतो. अजून एक फट आहे जी बहुतेकांना दिसत नाही. होकार वेळेत आला, पैसे पण आले, पण ऑफिस रिकामं करून द्यायलाच तीन महिने लावले तर? तोपर्यंत रंगाचे भाव वर गेलेले असू शकतात आणि तुमची माणसं दुसऱ्या कामाला लागलेली असतात. मुदत फक्त होकारापुरती असते, काम सुरू होण्याला ती लागू होत नाही. म्हणून वेगळी ओळ हवी, "जागा 31 जुलैपर्यंत मोकळी मिळेल असं धरून हे दर आहेत, त्यानंतर दर पुन्हा कळवू."

(दिलेल्या मुदतीच्या आत कोटेशन मागे घेता येतं का, असं कुणीतरी विचारेलच. कायदा जागेप्रमाणे वेगळा आहे. इंग्लिश वळणाच्या कायद्यात, दर राखून ठेवण्याचा वेगळा मोबदला घेतला नसेल तर होकार येईपर्यंत सहसा मागे घेता येतं. पण देशोदेशीच्या मालविक्रीसाठी 1980 साली व्हिएन्नात झालेला करार जिथे लागू आहे, तिथे ठरावीक मुदत देऊन तोवर शब्द पाळू असं दाखवलं असेल तर मागे घेता येत नाही. थोडक्यात, पाळता येईल तेवढीच तारीख द्या.)

पेमेंटमधे "50 टक्के अॅडव्हान्स, बाकी काम पूर्ण झाल्यावर" हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. पूर्ण म्हणजे काय? एका दाराजवळ डाग राहिलाय, साहेब दौऱ्यावर आहेत, येऊन बघतील मग सांगतील. त्या एका डागासाठी निम्मे पैसे अडकतात. हप्ता अशा गोष्टीला बांधा जी साईटवर उभं राहून दोघांनाही दिसते आणि जी एकट्या गिऱ्हाइकाच्या हातात नाही. वरच्या कामात मी असं लिहीन: ऑर्डरसोबत 40 टक्के, सगळ्या भिंतींना प्रायमर लागल्यावर 40, रंगाचा दुसरा हात झाल्यावर 15, आणि टच-अपची यादी संपल्यावर 5. करासकट धरलं तर 48,000, 48,000, 18,000 आणि 6,000. आता डागावरून अडलेच तर 6,000 अडतील, 60,000 नाही. गिऱ्हाइकाकडे पण धरून ठेवायला काहीतरी राहतं, त्यामुळे तो कुरकुर करत नाही. टच-अपची यादी एकदाच आणि दुसरा हात झाल्यापासून सात दिवसांत द्यायची, नाही आली तर काम स्वीकारलं असं धरू, हे पण लिहा. नाहीतर यादी रोज वाढते. आणि दर हप्त्याचं बिल दिल्याच्या तारखेपासून किती दिवसात पैसे, तो आकडा.

अविश्वासाचं म्हणाल तर मला उलटं दिसतं. समोरच्याने एका ओळीत 95,000 टाकले आणि तुम्ही वरच्यासारखं लिहून 1,00,000 अधिक कर दिलं, तर तुम्ही महाग दिसणार हे खरं. पण तुमच्या पत्रामुळे गिऱ्हाइकाला त्या दुसऱ्याला विचारायला प्रश्न मिळतात की तुमच्यात पुट्टी आहे का, कर धरलाय का. काही जण विचारणार नाहीत आणि स्वस्तातलंच घेतील. घेऊ द्या. ज्याला फक्त शेवटचा आकडा बघायचाय त्याचं काम एका ओळीवर घेतलं तर एक्स्ट्राचे पैसे मागताना तोच आकडा तुमच्या तोंडावर फेकला जाणार.

आणि होकार आला की तो नीट वाचा, इथे घाई होते. "ओके, फक्त पेमेंट 60 दिवसांनी" हा होकार नाही, तो त्यांचा नवा प्रस्ताव आहे. इंग्लंडमधे 1840 चा हाईड विरुद्ध रेंच असा एक जुना खटला आहे. रेंचने आपलं शेत 1000 पौंडाला देऊ केलं, हाईड 950 म्हणाला, रेंचने नकार दिला, मग हाईड म्हणाला बरं, 1000 ला घेतो. कोर्टाने सांगितलं की 950 म्हणाला तेव्हाच पहिला प्रस्ताव संपला, आता करार झालेला नाही. तुमच्याकडे हे बहुतेक वेळा उलट्या बाजूने अंगाशी येतं: तुम्ही ते 60 दिवस वाचता, काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी माणसं पाठवता, आणि मग त्यांची अट तुम्ही काम सुरू करून मान्य केली असं धरलं जाऊ शकतं. त्यामुळे "पण" असलेला होकार आला की माणसं पाठवायच्या आधी सुधारित कोटेशन पाठवा, नवा नंबर, नवी तारीख, आणि वर एक ओळ की आधीचं कोटेशन रद्द समजावं.