161 दिवस झाले, आणि आता म्हणे पॉलिसी ‘रिव्हाइव्ह’ झाली होती!

काल, 20 ऑगस्ट 2025 ला, विमा कंपनीचा आणखी एक मेल आला. वहिनींचे पती गेले, त्या क्लेमची सूचना दिली 12 मार्चला. म्हणजे 161 दिवस. पाच महिने ‘इन्व्हेस्टिगेशन चालू आहे’ हे एकच पालुपद, आणि काल अचानक यांना साक्षात्कार झाला: ‘सदर पॉलिसी 6 जुलै 2022 रोजी रिव्हाइव्ह झाल्याने दावा तीन वर्षांच्या आतला आहे, तरी मयताचा 2018 ते 2021 चा रजेचा तपशील त्यांच्या नोकरीच्या कंपनीकडून आणावा.’

रिव्हायव्हल म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करणं. कुठून आणलं हे? डोकं फिरतं अशा वाक्यांनी.

गोष्ट साधी आहे. 1 कोटीची टर्म पॉलिसी, 14 जून 2021 पासून. प्रीमियम वार्षिक. 2022 च्या जूनमध्ये बँकेतून ईसीएस बाउन्स झालं, वहिनींच्या नवऱ्याने 6 जुलैला ऑनलाइन पैसे भरले. बाविसावा दिवस. वार्षिक प्रीमियमला ग्रेस पिरियड 30 दिवसांचा असतो, आणि त्या 30 दिवसांत पॉलिसी चालूच असते. जी बंदच पडली नाही ती पुन्हा सुरू कशी होईल? खरंच लॅप्स झालेली पॉलिसी रिव्हाइव्ह करायची तर तब्येतीचं घोषणापत्र भरून घेतात, उशिराचं व्याज लावतात, रिव्हायव्हल मंजूर झाल्याचं पत्र देतात. यातलं काही आहे का? नाही. पावती काढून बघितली तर त्यावर स्वच्छ छापलंय, ‘रिन्युअल प्रीमियम’. व्याजाच्या रकान्यात शून्य. कंपनीची स्वतःची पावती आहे ही! ती वाचायची तसदी क्लेम खात्यातल्या एकाही माणसाने घेतली नाही.

हा खटाटोप कशासाठी, हे या धंद्यात चार दिवस घालवलेल्या कुणालाही कळतं. विमा कायद्याचं कलम 45. 2015 च्या दुरुस्तीनंतर त्यात सरळ लिहिलंय की तीन वर्षं उलटली की कुठल्याही कारणावरून आयुर्विमा पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही. बीपी लपवलं, शुगर लपवली, काहीही म्हणा, मुदत संपली. ही तीन वर्षं मोजायची पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, रिव्हायव्हलची किंवा रायडर म्हणजे जादा संरक्षण जोडल्याची, यातली जी तारीख शेवटची असेल तिथून. इथे रायडर नाही, रिव्हायव्हल नाही. तीन वर्षं 14 जून 2024 ला पूर्ण झाली. माणूस गेला 3 मार्च 2025 ला, हार्ट अटॅकने. म्हणून आता तारीख पुढे ओढायची.

आणि तीही नीट ओढता आली नाही यांना. घटकाभर धरून चालू की 6 जुलै 2022 ला रिव्हायव्हल झालं. मग तीन वर्षं 6 जुलै 2025 ला संपली. मेल आलाय 20 ऑगस्टला! कायदा बघतो तो पॉलिसीवर प्रश्न कधी उपस्थित केला ते, आणि तो कारणांसकट, पुराव्यासकट, लेखी कळवावा लागतो. कालपर्यंत असं एकही पत्र घरी आलेलं नाही. ‘अंडर प्रोसेस’चे एसएमएस म्हणजे असं पत्र नव्हे.

तीन वर्षांनंतरही कंपनीने काही तपासूच नये असं कुणी म्हणत नाही. माणूस खरंच गेला का, तो तोच का, नॉमिनी कोण, वयाचा दाखला बरोबर आहे का, हे बघा की. त्याला पाच महिने लागतात? विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकात मुदती आहेत: चौकशी लागत नसेल तर 15 दिवस, लागत असेल तर 45. पंचेचाळिसावा दिवस 26 एप्रिललाच गेला. असा उशीर झाला की रिझर्व्ह बँकेचा बँक रेट अधिक 2 टक्के व्याज कंपनीने न मागता द्यायचं असतं. 1 एप्रिल 2025 चा बँक रेट 6.50 टक्के. 8.50 टक्क्यांनी 1 कोटीवर दिवसाला सुमारे 2,300 रुपये होतात. हा आकडा कंपनीला लिहायच्या पत्रात घालाच. ‘लवकरात लवकर न्याय द्यावा’ या ओळीने तिथे कुणाचं पान हलत नाही, रोजचा आकडा दिसला की फाइल वरच्या टेबलावर जाते.

कंपनीने पाठवलेल्या त्या इन्व्हेस्टिगेटरचं तर बोलायलाच नको. तेराव्याच्या आधी दारात. चहा घेतला, गोड बोलला, इंग्रजीत स्टेटमेंट लिहून आणलं होतं आणि त्यात एक ओळ होती: ‘माझे पती गेली ___ वर्षे रक्तदाबाची गोळी घेत होते.’ मधली जागा कोरी. वहिनींनी सही केली, कारण त्या दिवशी त्यांच्यापुढे कुणी काहीही ठेवलं असतं तरी त्यांनी सही केली असती. त्या कोऱ्या जागेत नंतर 5 भरलं की झालं, आजार पॉलिसीच्या आधीचा ठरतो. प्रत्यक्षात गोळी 2023 मध्ये सुरू झाली, डॉक्टरांची पहिली चिठ्ठी घरात आहे. अशा कागदावर सही करू नये. जबाब आपल्या हाताने मराठीत लिहावा, मोकळ्या जागांवर रेघ मारावी, फोटो काढून मगच द्यावा. आणि पॉलिसी देताना यांच्याच लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला होता, ईसीजी काढून गेला होता. तो रिपोर्ट कुठाय? तो का नाही मागत स्वतःकडून?

जूनमध्ये मयताच्या मोबाइलवर मेसेज आला, ‘आपला प्रीमियम देय आहे, संरक्षण चालू ठेवा.’ मृत्यूचा दाखला तीन महिन्यांपूर्वी यांच्याच शाखेत इनवर्ड झालेला. पोरीने वाचला तो मेसेज. तिला काय वाटलं असेल?

आणि ती जाहिरातीतली क्लेम सेटलमेंटची टक्केवारी! ती दाव्यांच्या संख्येवर काढतात. किती दिवस रखडवून पैसे दिले ते त्यात दिसतच नाही. आठव्या महिन्यात दिलेला क्लेमही तिथे ‘सेटल्ड’च.

तर आजचं पत्र. ‘क्लेम विभाग’ असा मोघम पत्ता नको, थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे. वर पॉलिसी नंबर, क्लेम नंबर. पहिल्या परिच्छेदात फक्त तारखा: 14 जून 2021, 3 मार्च, 12 मार्च, 26 एप्रिल. दुसऱ्यात रिव्हायव्हलचा मुद्दा: घोषणापत्र आणि मंजुरीचं पत्र असेल तर प्रत द्या, नसेल तर विधान लेखी मागे घ्या. सोबत 6 जुलैची पावती. तिसऱ्यात कोरी जागा ठेवलेल्या त्या स्टेटमेंटची प्रत मागायची आणि गोळी 2023 ची, हे चिठ्ठी जोडून आत्ताच नोंदवायचं. रजेच्या तपशिलाबद्दल एकच ओळ: कलम 45 ची मुदत संपल्यावर तो कशासाठी हवा, ते लिहा. शेवटी रक्कम, व्याज आणि 14 दिवस.

मेलही करायचा आणि स्पीड पोस्टही. त्याच दिवशी आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकून टोकन नंबर घ्यायचा. विमा लोकपालाकडे जा म्हणून सगळे सांगतात, पण त्याची मर्यादा 50 लाखांची आहे, 1 कोटीला तो दरवाजा उपयोगाचा नाही. इथे ग्राहक आयोग. तोही जिल्ह्याचाच, कारण आयोग दाव्याची रक्कम बघत नाही, भरलेला प्रीमियम बघतो. तक्रार वहिनी राहतात त्याच जिल्ह्यात करता येते, मुंबईच्या हेड ऑफिसला खेटे घालायची गरज नाही.

पत्रावर सही मात्र वहिनींचीच हवी, नॉमिनी त्या आहेत. दिराच्या सहीने गेलं तर ‘अधिकृत व्यक्ती नाही’ म्हणून परत पाठवतील आणि अजून पंधरा दिवस खातील.