एका वाक्याची खातरजमा

एका महाविद्यालयाने वस्त्रोद्योगावर बोलायला बोलावले आणि ८० शब्दांत परिचय मागितला. मी एका बैठकीत लिहिले : ‘सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात सुताच्या नोंदीच्या प्रकल्पाचे नेतृत्व करून सदोष माल ३० टक्क्यांनी घटवला.’ वाक्य वाचून मला स्वतःविषयी आदर वाटू लागला, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण ती बायकोला आली. “नेतृत्व तर तुमच्या साहेबांचं होतं ना?”

साहेबांशी सहा वर्षांत बोलणे नव्हते, म्हणून ईमेलच्या आरंभी मी त्यांची प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि गड्ड्याची यात्रा यांची सविस्तर चौकशी केली आणि शेवटी ‘एक छोटीशी विनंती होती, सवडीने कळवतो’ असे लिहून नम्रतेची परिसीमा गाठली. अर्ध्या तासात फोन आला. “किती हवेत?”

उसने मागत नाही हे पटवून मी दुसरा मेल लिहिला. विषयाच्या ओळीतच ‘परिचयातील एका वाक्याची खातरजमा, शुक्रवारपर्यंत’ असे घातले, ते वाक्य जसेच्या तसे दिले आणि खाली विचारले की काळ, माझी भूमिका व आकडा बरोबर आहे का, आणि कारखान्याचे नाव छापले तर चालेल का. जे आठवत नसेल ते मी गाळीन, असेही कळवले. ‘उत्तर न आल्यास संमती समजेन’ हे वाक्य मात्र लिहून खोडले. ते वसुलीच्या नोटिशीत शोभते.

खरी गंमत आकड्यात निघाली. एकाच रंगाच्या सुताच्या दोन खेपांत छटेचा किंचित फरक पडतो. त्या एका टॉवेलात मिसळल्या की पट्टा उमटतो आणि माल दुय्यम ठरतो. आम्ही प्रत्येक खेपेला क्रमांकाची चिठ्ठी लावली, एवढाच तो प्रकल्प. साहेबांनी जुनी वही काढून लिहिले : “शंभरात १० टॉवेल बाद होत, ते ७ झाले. म्हणजे घट ३० टक्के, पण शंभर टॉवेलांमागे वाचले तीनच. तेही फक्त गडद निळ्या मालात, चार महिन्यांत. चिठ्ठ्या आपण लावल्या, त्या लावायचे मी ठरवले. मालकांना विचारल्याशिवाय कारखान्याचे नाव नको.”

मी ‘नेतृत्व’ काढून ‘सहभाग’ केला, ‘१० वरून ७’ लिहिले आणि गडद निळा रंगही घातला; वाक्य लांबले, मी आखूड झालो. नवे वाक्य त्यांना पाठवून आभार मानले.

त्यावर ताबडतोब उत्तर आले : “ठीक आहे. आता माझ्या परिचयातले हे वाक्य आपण तपासावे : ‘कोणाच्याही मदतीविना सुताच्या नोंदीची पद्धत उभी केली.’ शुक्रवारपर्यंत कळवावे.”