सेल दुप्पट झाला, पण कशामुळे?

एक दुकानदार भाऊ म्हणतो, "अखाजीच्या आठवड्यात कुलरवर १० टक्के सूट ठेवली, रिक्षावर भोंगा फिरवला, रील पण बूस्ट केली, विक्री थेट दुप्पट. जाहिरातीचा पैसा वसूल, पुढच्या वेळी डबल लावा."

दुप्पट म्हणजे मागच्या आठवड्याच्या ना भाऊ? अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ती येते एप्रिल-मेमध्ये, तेव्हा खान्देशात ऊन असं तापतं की काहीच नाही केलं तरी कुलर जातातच. तुलना करायची तर त्याच आठवड्यात सूटही नाही आणि भोंगाही नाही अशा दुकानाशी करा.

आता "जाहिरातीचा" कसं ठरवलं? सूट आणि भोंगा एकाच दिवशी सुरू, एकाच दिवशी बंद, मग कुणाचं किती हे त्या आकड्यातून निघणारच नाही, कितीही एक्सेल मारा. समजा एकाच मालकाची चार दुकानं आहेत, प्रत्येकाचे एरवी आठवड्याला २० कुलर जातात. चाळीसगावला काहीच नाही केलं, गेले २६. चोपड्याला फक्त सूट, ३४. शहाद्याला फक्त जाहिरात, २८. अमळनेरला दोन्ही, ४०. म्हणजे वाढलेल्या २० पैकी ६ उन्हाचे, ८ सवलतीचे, २ जाहिरातीचे, आणि उरलेले ४ दोघांच्या जोडीचे, कारण सवलत आहे हे भोंग्यानेच तर सांगितलं. ते ४ एकट्या जाहिरातीच्या खात्यात टाकता येत नाहीत. सवलत असेल तर जाहिरात ६ वाढवते, नसेल तर २.

आणि हे २ तर मी फार मानणारच नाही, तेवढा फरक एखाद्या लग्नाच्या आहेराने पण पडतो. एरवी आठवड्याआठवड्याला विक्री किती वरखाली होते ते जुन्या वहीत बघा, आणि पुढच्या वेळी गावं अदलाबदल करा, नाहीतर अमळनेरचं दुकान मुळातच चालतं असं निघायचं. भोंगा गावापुरता राहतो, पण रीलचा एरिया आवळून ठेवा, शेजारच्या गावात दिसली की हिशोब बिघडला.

"वसूल" तर अजून मजेशीर. कुलर ५००० ला विकता, पडतो ४००० ला, म्हणजे सुटतात १०००, सवलत दिली की ५००. अमळनेरचे ४० गुणिले ५०० म्हणजे २०,०००, त्यातून भोंगा-रीलचा खर्च वजा. काहीच न करणाऱ्या चाळीसगावला २६,००० सुटले! शहाद्याला २८,०००, जाहिरात २,००० च्या आत बसली तरच फायदा.

बरं, "डबल लावा" हे तर कुठून आलं, डबल लावून बघितलंय कुणी? आणि पुढचे तीन-चार आठवडे पण मोजा, मे अखेरीस येणारं गिऱ्हाईक सवलत बघून आधीच उचलून गेलं असेल तर ती वाढ नाहीच, पुढची विक्री आधी झाली एवढंच.